तीन पुड्या, एकच मूळ

सोलापूरला आम्ही गेलो होतो ते खालाजानला भेटायला. विजापूर वेशीच्या बाजूला त्यांचे जुने घर आहे. चहा झाला, विचारपूस झाली आणि खालाजानने उशाशी ठेवलेला पत्र्याचा डबा पुढे सरकवला. गुडघे दुखतात, रात्री झोप लागत नाही, म्हणून वर्षभर जी औषधे जमली ती सगळी त्यात होती. "बेटा, हे घेतल्यापासून पोट बिघडलंय आणि दिवसासुद्धा डोळ्यांवर झापड असते. यातलं कुठलं बंद करू?"

डब्यातल्या तीन पुड्यांवर आमची नजर गेली. पहिलीवर वैद्यांच्या हातचे 'अश्वगंधा चूर्ण' असे लिहिलेले, तीन-तीन ग्रॅम सकाळ-संध्याकाळ. दुसरी हकीमसाहेबांच्या नुस्ख्यातली, तिच्यावर उर्दूत 'असगंध', रात्री तीन ग्रॅम. तिसरी शेजारच्या काकूंनी प्रेमाने आणून दिलेली. 'आस्कंद, दुधातून एक चमचा' असे त्या सांगून गेल्या होत्या. तिन्ही चूर्णे फिकट पिवळसर, वासालाही सारखी. आम्हाला शंका आली आणि त्या पुड्या पिशवीत घालून आम्ही एका जुन्या अत्ताराच्या दुकानात गेलो.

अत्तारचाचांनी चिमूट बोटांत चोळली, हुंगली आणि हसले. "तीन दुकानं फिरून एकच सौदा आणलात की!" बरणीतून त्यांनी अख्खी मुळी काढली. गुळगुळीत, मातकट रंगाची, करंगळीएवढी. मोडली तर कट्‌ आवाज होऊन तुटली, आत पांढरी, पिठूळ. ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो, म्हणून संस्कृतात तिला अश्वगंधा म्हणतात. तेच नाव बोलीत घासून असगंध झाले, आणि आपल्या मराठीत आस्कंद. काही भागांत डोरगुंज असेही म्हणतात. यातले कुठलेही नाव घ्या, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ती एकच आहे : विथानिया सोम्निफेरा. त्या नावातला दुसरा शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थच झोप आणणारी.

मग आम्ही तिथेच काउंटरवर हिशेब मांडला. वैद्यांचे सहा ग्रॅम, हकीमसाहेबांचे तीन आणि काकूंचा चमचा आणखी दोन-तीन ग्रॅमचा. म्हणजे दिवसाला अकरा-बारा ग्रॅम. मुळीच्या चूर्णाची आयुर्वेदाच्या शासकीय औषधसंहितेतली मात्रा दिवसाला तीन ते सहा ग्रॅम आहे. वैद्य चुकले नव्हते, हकीमसाहेबही नाहीत. प्रत्येकाने आपापल्या भाषेत नीट लिहिले होते. फक्त तिन्ही भाषा एका डब्यात आल्या आणि त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. वर खालाजानची थायरॉइडची गोळी चालू, आणि या मुळीचा थायरॉइडवर परिणाम होतो हे तर कोणालाच सांगितलेले नव्हते.

चाचांनी आणखी एक गोष्ट दाखवली. चूर्णाला हिरवट झाक असेल तर त्यात मुळीबरोबर पाला दळलेला असू शकतो. पाल्याचा गुण वेगळा. २०२१ साली केंद्राच्या आयुष मंत्रालयानेही उत्पादकांना पाने वापरू नका, मूळच वापरा, असे बजावले होते. म्हणून शक्यतो अख्खी मुळी घ्यावी आणि घरी कुटावी, हे त्यांचे म्हणणे आम्हाला पटले.

डब्यात चौथी पुडी होती, गोखरूची. लघवीची जळजळ होते म्हणून आणलेली. ती बघून मात्र चाचा हसले नाहीत. "यातलं कोणतं सांगितलंय, छोटं की मोठं?" आम्ही गप्प. आम्हाला वाटत होते गोखरू म्हणजे गोखरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोट रस्त्याला ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे गेलो, तेव्हा उत्तर पायातच मोडले. सोलापूरच्या माळावर अनवाणी चालणाऱ्याला सराटा सांगावा लागत नाही, आणि सायकलवाल्यांना तर नाहीच. जमिनीला चिकटून चारी बाजूंना पसरणारी वेल, हरभऱ्यासारखी बारीक पाने, छोटी पाच पाकळ्यांची पिवळी फुले. फळ वाळले की त्याच्या पाच फाका होतात आणि प्रत्येक फाकेला दोन लांब, दोन आखूड काटे. हाच संस्कृतातला गोक्षुर, लहान गोखरू. वनस्पतिशास्त्रातले नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, जे लिनियसने १७५३ साली नोंदवले.

मोठे गोखरू निराळेच झाड आहे, अगदी वेगळ्या कुळातले. पेडालियम म्युरेक्स हे त्याचे शास्त्रीय नाव, मराठीत हत्तीचराटे. पाने एकेकटी, मांसल, कडा मोठ्या दातांच्या. फळ चौधारी, बुडाशी चार काटे, आणि ते वाळल्यावर सराट्यासारखे फाकांमध्ये सुटत नाही. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे ताजी फांदी पाण्यात ढवळावी, थोड्याच वेळात पाणी बुळबुळीत, घट्ट होते. सराट्याने तसे होत नाही. दोन्ही मूत्रल म्हणून वापरतात, म्हणून बाजारात एकाच्या जागी दुसरे सहज दिले जाते. पण औषधसंहितेत गोक्षुर म्हणजे सराटाच.

गंमत अशी की, गोंधळ 'गोखरू' या एका शब्दात आहे. सराटा आणि हत्तीचराटे म्हणणाऱ्या शेतकऱ्याचा गोंधळ होत नाही. युनानी हकीमही एकाला खारे-खसक खुर्द म्हणतात, दुसऱ्याला खारे-खसक कलां, म्हणजे सरळ छोटे आणि मोठे. ब्राह्मीचेही असेच. ग्रंथात तिच्यासाठी पाणथळीतली बाकोपा मोनिएरी आहे, पण महाराष्ट्रात ब्राह्मी मागितली की बहुधा बेडकाच्या पायासारख्या गोल पानांची मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, हातात पडते.

नावे जुळवण्याचे हे काम नवीन नाही. अकराव्या शतकात अल्-बिरुनींनी आयुष्याच्या अखेरीस 'किताब अस-सैदना' लिहायला घेतले, त्यात एकेका औषधाची अरबी, यूनानी, सुरयानी, फारसी आणि हिंदुस्तानी नावे शेजारी शेजारी मांडली. वाळलेल्या मुळीला स्वतःची ओळख सांगता येत नाही, ही अडचण त्यांच्यापुढेही होतीच.

परत आलो तेव्हा खालाजान असरची नमाज आटोपून बसल्या होत्या. नातवाच्या वहीचे पान फाडून आम्ही चार रकाने आखले : पुडीवरचे नाव, हकीमसाहेबांचे नाव, आपले मराठी नाव आणि शास्त्रीय नाव. चौथा रकाना भरला तसे पहिल्या तीन ओळींत तेच नाव आले. खालाजान चष्मा लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तिघांनी मिळून मला झोपवलं!"

काकूंची आणि हकीमसाहेबांची पुडी आम्ही बाजूला काढली. वैद्यांची तेवढी राहू दिली, तीही थायरॉइडच्या डॉक्टरांना कागद दाखवेपर्यंत घ्यायची नाही असे ठरवून. गोखरूची पुडी ताटलीत ओतली, तेव्हा एकाही फळाच्या पाच फाका सुटलेल्या नव्हत्या. चौधारी, बुडाशी चार काटे. ते हत्तीचराटे निघाले. कागदावर तसे लिहून ती पुडी परत चाचांकडे पाठवली, आणि काकूंना काय सांगायचे हे खालाजानने स्वतःकडे ठेवले.