विठाबाई कोण?

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवतो. संत सावता माळी यांचा कांदा, मुळा, भाजी असलेला अभंग मुलांना लवकर आवडतो, कारण त्यातले शब्द बाजारातले असतात. एकदा मी तो वाचून दाखवला तेव्हा आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, ये विठाबाई भाजीवाली थी क्या?” वर्ग हसला. पण मला तो प्रश्न फार चांगला वाटला. त्या मुलाचे वडील भाजीची गाडी लावतात. भाजीबरोबर बाईचे नाव आले, तर ती भाजीवालीच असणार, असे त्याला वाटले.

विठाबाई म्हणजे पंढरपूरचा विठ्ठल. विठ्ठल पुरुष देव आहे. पण वारकरी संत त्याला आई मानतात, म्हणून विठाई, विठाबाई, माउली म्हणतात. आपण उर्दूत ‘माँ की ममता’ म्हणतो ना, तीच माया त्यांना देवात दिसते. सावता माळी म्हणतात, ही भाजी म्हणजे सगळी माझी विठाबाईच आहे. आता पुढच्या ओळीत काय होते ते पाहा. लसूण, मिरची, कोथिंबीर यांची नावे येतात आणि तिथे विठाबाई नाही, तर हरी आहे. आधीचा ‘अवघी’ हा शब्द इथे ‘अवघा’ होतो. मळा एकच, देव एकच. एका ओळीत तो आई आहे, दुसऱ्या ओळीत पुरुष. तुम्ही व्याकरणात लिंग बदलून लिहिता, तोच एका अक्षराचा फरक आहे. पण इथे त्या फरकातून संत सांगतात, की देव कोणत्याही एका रूपात मावत नाही.

(मिरचीबद्दल एक गंमत. सावता माळी तेराव्या शतकातले. त्यांनी १२९५ साली देह ठेवला असे मानतात. मिरची मात्र पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. अभंग पिढ्यान्पिढ्या तोंडी गायले गेले. तेव्हा हा शब्द पुढच्या गाणाऱ्यांच्या तोंडून आत आला असावा, असे मला वाटते.)

“मग कांदा देव कसा?” हाही प्रश्न वर्गात येतोच. त्याचे उत्तर ‘माझी’ या शब्दात आहे. तुमची अम्मी तुम्हाला ‘मेरी आँखों का नूर’ म्हणते, तेव्हा तुम्ही दिवा होत नाही. तिच्या मनात तुम्ही काय आहात, ते कळते. कांद्याची पूजा करा, असे सावता माळी कुणाला सांगत नाहीत. कांदा उपटताना मला माझा देव दिसतो, असे ते स्वतःपुरते सांगतात.

पुढे मोट, नाडा, विहीर आणि दोरी येतात. शहरातल्या मुलांना हे शब्द अडतात. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढण्याची मोठी चामडी पिशवी. ती बैल ओढत. नाडा म्हणजे तिचा जाड दोर. आधीच्या ओळींत मळ्यात पिकणाऱ्या वस्तू होत्या. इथे घाम गाळण्याची साधने आहेत. आणि या साधनांना पंढरीने व्यापले आहे, असे संत म्हणतात. सावता माळी सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावचे. पंढरपूर तिथून फार लांब नाही. तरी ते मळा सोडून वारीला गेले नाहीत, अशी परंपरा आहे. म्हणून ‘व्यापणे’ हे क्रियापद नीट ओळखा. माणूस पंढरीला जात नाही, पंढरीच मळाभर पसरते.

शेवटी आपल्या गझलेच्या मक्त्यात शायराचे तखल्लुस येते, तसे इथे सावत्यांचे नाव येते. मळा केला आणि विठ्ठलाच्या पायी गळा गोवला, असे ते म्हणतात. ‘गोवणे’ म्हणजे दोऱ्यात ओवणे, अडकवणे. माळी फुले गोवतो; या माळ्याने स्वतःचा गळा गोवला. आधी देव भाजीत होता, मग मोटेत. आता माळी स्वतःच देवाच्या पायी वाहिलेली वस्तू झाला.

मुले गळा म्हणजे मान एवढेच लिहितात. ते चूक नाही. पण ‘त्या मुलीचा गळा गोड आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा गळा म्हणजे आवाज. अभंग हा तर गायचाच असतो. म्हणून वहीत दोन्ही अर्थ लिहा, असे मी सांगतो.