नाकाचे भूमितीशास्त्र

म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर मावशीने फोन चेहऱ्याजवळ धरून सेल्फी काढला आणि ती हिरमुसली, “माझं नाक एवढं मोठं आहे?”

हा दोष अंतराचा होता. नाकाच्या शेंड्याहून कान सुमारे १२ सेंटिमीटर मागे असतात, असे धरू. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान ४२ सेंटिमीटरवर; म्हणजे कानांच्या मानाने नाक १.४ पट मोठे उमटते. दीड मीटरवरून हेच गुणोत्तर १.०८ उरते, आणि समोरासमोर बोलताना आपण साधारण तेवढ्या अंतरावरूनच एकमेकांना पाहतो.

उलट, जवळून चेहऱ्याच्या कडा आकसतात. म्हणून रुंद चेहरा छायाचित्रात निमुळता, कधी अधिक देखणाही भासतो.

समोरून काढलेल्या छायाचित्रात कान गालांआड लपले असतील, तर कॅमेरा फार जवळ होता. मागे सरून काढावे, चौकट नंतर कातरावी.