दहा टनांतले 240 किलो

दहा टन माल मिक्सरमध्ये टाकला तर दहा टन पेंड बाहेर येत नाही. थोडं पाणी वाफ होऊन जातं, थोडी धूळ उडते, थोडा माल जमिनीवर सांडतो. किती जाणार हे आधी ठरवून ठेवलेलं असतं. ठरल्यापेक्षा जास्त गेलं, की कुणामुळे गेलं हा प्रश्न उभा राहतो. मंचर आणि नारायणगावच्या दरम्यान महामार्गालगत गोळी पेंडीचा एक कारखाना होता. तिथे मी उत्पादन खर्चाचा हिशेब पाहत होते आणि या प्रश्नाचं उत्तर देणं हे माझं काम होतं. जुन्नर-आंबेगावातले गोठे आमचं गिऱ्हाईक. घोड, मीना आणि कुकडी या नद्यांच्या काठच्या बागायतीत ऊस आणि भाजीपाल्याइतकाच दुधाचा पैसा घराला लागतो, त्यामुळे पोत्यामागे दोन रुपये वाढले तरी दुकानदाराचा फोन यायचा.

आमचा फॉर्म्युला दहा टनांच्या पाळीला असा होता: मका 2600 किलो, सरकी पेंड 2500, सोयाबीनची डीओसी 1900, तेल काढलेला भाताचा कोंडा म्हणजे डीओआरबी 2000, मळी 700 आणि मीठ-क्षार 300. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मालाचा एक प्रमाण दर आम्ही धरला होता. किलोला मका 22 रुपये, सरकी 32, डीओसी 42, कोंडा 15, मळी 10, मीठ-क्षार 19. गुणाकार करून बेरीज मारली की 2,59,700 रुपये होतात. दहा टनांतून 9800 किलो गोळी निघावी असा उतारा ठरलेला, म्हणजे तयार पेंड किलोला 26 रुपये 50 पैसे. पुढचा सगळा हिशेब या 26.50 च्या खुंटीवर टांगलेला आहे.

मी सांगतेय ती पाळी दिवाळीच्या आधीची. सरकी पेंड तेव्हा सगळ्यात महाग असते. नवा कापूस जिनिंगमध्ये येऊन खानदेश-मराठवाड्यातली ताजी पेंड बाजारात उतरायला अजून अवकाश असतो. मळीचंही तसंच. आमची मळी जवळच्या साखर कारखान्यांकडून यायची. निवृत्तीनगरला विघ्नहर आणि पारगावला भीमाशंकर, असे दोन सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत आहेत, पण गाळप सुरू होईपर्यंत मागच्या हंगामातली शिल्लक मळी पुरवून पुरवून वापरावी लागते. मिक्सरवर तात्या होते, त्या कामात केस पांढरे झालेले. त्यांनी सरकी 300 किलो आणि मळी 300 किलो कमी केली आणि कोंडा 600 किलो वाढवला. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे. एकूण माल दहा टनच राहिला.

पाळी संपली तेव्हा गोळी भरली 9560 किलो.

या एका पाळीतून दोन वेगळे आकडे निघतात, आणि ते वेगळे काढले नाहीत तर पुढचं काहीच कळत नाही. पहिला मिश्रणाचा. दहा टनच माल वापरला, पण त्यातली वाटणी बदलली, तर प्रमाण दरानेच पाहता खर्च किती बदलला? सरकीचे 9600 रुपये वाचले, मळीचे 3000 वाचले, कोंड्याचे 9000 जास्त गेले. निव्वळ 3600 रुपयांचा फायदा. दुसरा उताऱ्याचा. दहा टनांतून 9800 निघायला हवे होते, 240 किलो कमी निघाले. 26.50 ने ते 6360 रुपयांचं नुकसान. दोन्ही मिळून 2760 रुपये तोटा. बाजारात त्या दिवशी प्रत्यक्ष काय भाव होता, तो या दोन्ही आकड्यांत मुद्दाम घेत नाहीत, त्याचा फरक वेगळा मांडतात. नाहीतर भाव चढला म्हणून मिक्सरवरच्या माणसाला बोल लागतो.

शेठनी कागद पाहिला आणि निष्कर्ष लगेच काढला. तात्यांनी 3600 वाचवायला जाऊन 6360 घालवले. कागद वरवर तसंच सांगत होता. पण ते 240 किलो कुठे गेले हे कळल्याशिवाय मला त्यावर सही करायची नव्हती.

सुरुवात वजनापासून केली. गोळी 50 किलोच्या पोत्यात भरतात आणि बहुतेक ठिकाणी पोती मोजून उतारा काढतात. पोत्यात दोनशे ग्रॅम जास्त पडत असतील, तर 191 पोत्यांत 38 किलो माल गिऱ्हाइकाला फुकट जातो आणि कागदावर तो उताऱ्याची घट म्हणून दिसतो. गोदामातली काही पोती दुसऱ्या काट्यावर चढवून पाहिली. भरती बरोबर होती.

मग मका. प्रमाण ठरवताना मक्यात 12 टक्के ओलावा धरला होता. फाटकावर ओलावा मापायचं यंत्र होतं आणि पावतीवर आकडा लिहिलेला होता: 16. परतीच्या पावसात काढलेला मका तसाच आला होता. 2600 किलोवर चार टक्के म्हणजे 104 किलो दाण्याऐवजी पाणीच आलं. गोळी करताना वाफ देतात आणि नंतर कूलरमध्ये ओल काढून टाकतात, कारण ओलसर गोळीला पोत्यात बुरशी लागते. भारतीय मानक ब्युरोच्या पशुखाद्याच्या मानकातही ओलाव्याची कमाल मर्यादा 11 टक्के आहे. आम्ही दहाच्या आसपास ठेवायचो. कोरडा भाग 104 किलो कमी आला, तर दहा टक्के ओलाव्याची गोळी 115 किलोच्या आसपास कमी निघणार. मिक्सरमध्ये कुणीही, काहीही केलं असतं तरी.

म्हणजे 240 पैकी 115 किलो तात्यांच्या हाती माल येण्याआधीच गेले होते. खरेदीच्या कागदावर हाच मका फायद्यात दिसत होता. 22 चा माल 21 ने घेतला म्हणून 2600 रुपये वाचल्याची नोंद होती. मी दोन्ही भाव कोरड्या मक्यावर आणले. 22 ला 0.88 ने भागा, 25 येतात. 21 ला 0.84 ने भागा, तरी 25 च येतात. रुपयाची सूट पाण्याने पूर्ण खाल्ली होती. एका कागदावर शाबासकी आणि दुसऱ्यावर ठपका, आणि मुळाशी एकच ट्रक.

उरले 125 किलो. ते मात्र मिश्रणातूनच गेले होते. मळी पेंडीला गोडी देते आणि भुकटी धरूनही ठेवते. ती सात टक्क्यांवरून चारवर आली आणि वर कोंड्यासारखा बारीक, हलका माल वाढला, की मिक्सरचं झाकण उघडल्याबरोबर धूळ उठते. गोळी ठिसूळ होते आणि चाळणीखाली चुरा जास्त पडतो. तो चुरा परत यंत्रात जातो, त्यामुळे वजनात तो तोटा नाही, वीज मात्र दुसऱ्यांदा जळते. जमिनीवर पडून खडी-मातीत मिसळलेला माल परत घेता येत नाही. झाडलोटीची एरवी दोन पोती भरायची, त्या पाळीत पाच भरली होती. बाकीचं हवेत गेलं.

आता 6360 ची वाटणी झाली. 115 किलोचे साधारण 3050 रुपये ओल्या मक्याचे, 125 किलोचे 3310 मिश्रणाचे. तात्यांचा बदल त्याच्या स्वतःच्या परिणामासकट पाहिला तर 3600 वाचले आणि 3310 गेले. तोटा झाला नव्हता, नावापुरता फायदाच झाला होता. मिश्रण आणि उतारा हे फरक वेगळे काढायचे, पण वाचायचे एकत्रच. स्वस्त माल वाढवला की पहिला आकडा सुधारतो आणि बहुतेक वेळा दुसरा बिघडतो.

तात्यांना विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, सरकीचं मी भावाकडं पाहून केलं. मळी मात्र टाकीतच नव्हती. टाकीत नाही ते मी कुठून ओतू?"

हे त्यांचं बोलणं मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण 300 किलो मळीचे वाचलेले 3000 रुपये ही कुणी केलेली काटकसर नव्हती. तो तुटवडा होता. ते 3000 बाजूला काढले तर सरकी आणि कोंडा यांच्या अदलाबदलीत फायदा राहतो 600 रुपयांचा, निम्मा कोंडा मळीच्या जागी गेला असं न धरता 9000 चा सगळा भार सरकीवर टाकला तर. हिशेबाच्या सूत्राला हेतू दिसत नाही.

आणखी एक गोष्ट त्याला दिसत नाही. या सूत्रात सरकीचा किलो आणि कोंड्याचा किलो सारखाच धरला जातो. प्रथिनं तपासली असती तरी काही सापडलं नसतं. सरकीत आम्ही 23 टक्के धरायचो, कोंड्यात 15. गेलेली सरकी-मळी आणि आलेला कोंडा यांची बेरीज-वजाबाकी जवळपास जुळते. तेल मात्र जुळत नाही. तेल काढलेल्या कोंड्यात ते एखादा टक्काच असतं आणि घाणीच्या सरकी पेंडीत सहा-सात टक्के. एका पाळीत दहा टनांमागे पंधरा किलोच्या आसपास तेल कमी झालं. फरक छोटा आहे. पण गायीच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर ठरतो, आणि आमचा फॉर्म्युला दर महिन्याला थोडा थोडा असाच सरकत गेला असता, तर आमच्या पत्रकात तो सतत फायदाच दिसला असता. त्याची किंमत ओतूरच्या किंवा घोडेगावच्या एखाद्या संकलन केंद्रावर, दुसऱ्याच्या पावतीवर उमटली असती. म्हणून मी सरकीला खालची हद्द घालायचा आग्रह धरला: दहा टनांत 2300 च्या खाली जायचं नाही, भाव काहीही असो. शेठ त्यावर बराच वेळ बोलले नाहीत, पण हद्द लिहिली गेली.

बाकीचे बदल सोपे होते. मका कोरड्या वजनाच्या भावाने घ्यायचा आणि ओलाव्यामुळे उताऱ्यात पडलेला फरक खरेदीच्या खात्यात दाखवायचा. मळीच्या टाकीची पट्टी रोज सकाळी वाचायची. साठा खाली गेला तर कमी मळीचा दुसरा फॉर्म्युला लावायचा, ज्याचा प्रमाण उतारा 98 नव्हे, पावणेसत्त्याण्णव टक्के धरला. 125 किलोंनी सांगितलेला आकडा तेवढाच होता. मीठ-क्षार मी मिश्रणाच्या फरकातून बाहेर काढलं. ते कशाच्या जागी टाकता येत नाही आणि त्याच्या जागी काही टाकता येत नाही, त्यामुळे तिथे कमी वापर दिसला तर ती बचत समजायची नाही, चूक समजून मिक्सर थांबवायचा.

पहिल्या कागदावर तात्यांच्या नावापुढे 2760 रुपये तोटा होता. तो मी रद्द करून नवा लावला, खरेदी आणि उत्पादन या दोन्ही खात्यांच्या सह्या घेऊन.