नजरेत न भरण्याचे फायदे

मी चारचौघींसारखी दिसते. खरं सांगायचं तर चौघींत उभी राहिले, तर बघणाऱ्याला नंतर तिघीच आठवतात. सावळा रंग, जाड भिंगाचा चष्मा, घट्ट वेणी. सॉफ्टवेअरमध्ये सहा वर्षं झाली, तरी क्लायंटच्या गेटवरचा गार्ड 'इंटरव्ह्यूला आलात का?' असंच विचारतो.

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 साली सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना कसे गुण देतात, ते तपासलं होतं. ज्याला शरीरयष्टीसाठी चांगले गुण, त्याला बुद्धी आणि नेतृत्वासाठीही चांगलेच गुण मिळत होते. यालाच 'हॅलो इफेक्ट' म्हणतात. दिसणं पाहून उरलेला माणूस गृहीत धरायचा. माझ्या बाबतीत हे उलट्या दिशेने होतं. पण ज्याला कमी लेखलं जातं, त्याच्यासमोर लोक सावरून बसत नाहीत. माझ्या कामात ही गोष्ट किती मोलाची आहे, ते मला चाकणजवळच्या एका गोदामात कळलं.

तिथे गाड्यांचे सुटे भाग ठेवत. आमच्या सिस्टिमप्रमाणे माल एका कप्प्यात असायचा आणि प्रत्यक्षात सापडायचा भलत्याच कप्प्यात. मी आणि माझा एक सहकारी चौकशीला गेलो. तो उंच, गोरा, बोलायला चटपटीत. मॅनेजर त्याला केबिनमध्ये घेऊन बसले, स्टोअरमधली माणसं एकेक करून आत बोलावली. सगळ्यांचं उत्तर एकच : "स्कॅनिंग बरोबर होतं सर, तुमचं सॉफ्टवेअरच गंडलंय."

मी खाली रॅकपाशी होते. सॉफ्टवेअरवाल्यांकडून आलेय, असं मी स्टोअरकीपर काकांना सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरं पोरी, मग तेवढे डबे इकडे सरकव." मी सरकवले. तासाभरात ट्रक आला. नियम असा, की आधी वस्तूचा बारकोड स्कॅन करायचा, मग तिला कप्प्यापर्यंत न्यायचं आणि कप्प्याचा बारकोड स्कॅन करायचा. काकांनी वस्तू स्कॅन केली आणि लगेच टेबलावर सेलोटेपने चिकटवलेल्या एका झेरॉक्सवर स्कॅनर धरला. टुक. पुढची वस्तू. टुक.

"हे काय काका?"

"अगं, वरच्या कप्प्यांची लेबलं खालून स्कॅन होत नाहीत. दर डब्याला शिडी कोण चढणार? ट्रक तर तासात रिकामा पाहिजे."

संध्याकाळी मी डेटाबेसवर ही क्वेरी चालवली :

```sql
SELECT bin_code, COUNT(*) AS n
FROM putaway
GROUP BY bin_code
ORDER BY n DESC;
```

एकाच कप्प्यात इतक्या नोंदी होत्या, की तेवढा माल त्यात कोंबूनही मावला नसता. मग वस्तू आणि कप्पा या दोन स्कॅनमधलं अंतर पाहिलं. बऱ्याच नोंदींत ते दोन-तीन सेकंद होतं. टेबलापासून रॅकपर्यंत चालायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे तो स्कॅन टेबलावरच झालेला होता. हे आकडे आमच्याकडे आधीपासून होते, पण ती झेरॉक्स बघेपर्यंत त्यांना कोणता प्रश्न विचारायचा हेच माहीत नव्हतं.

रिपोर्टमध्ये मी काकांचा उल्लेख केला नाही, झेरॉक्सचाही नाही. मला पोरगी समजून त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्यावरच उलटवणं मला पटेना. 'वरची लेबलं खालून वाचली जात नाहीत, त्यामुळे कप्पा चुकीचा नोंदला जातो' एवढंच लिहिलं. सगळ्या मजल्यांची लेबलं डोळ्यांच्या उंचीवर, मजल्यागणिक वेगळ्या रंगात लावली गेली. झेरॉक्स आपोआप निघाली.

या फायद्याच्या मर्यादाही तिथेच दिसल्या. दुसऱ्या खेपेला मॅनेजरांनी माझी ओळख करून दिली. काकांनी लगबगीने खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे मॅडम." त्यानंतर मला त्यांच्याकडून काहीच कळलं नाही.

शिवाय पगाराच्या वेळी हे नाणं चालत नाही. हॅमरमेश आणि बिडल या अर्थतज्ज्ञांनी 1994 साली अमेरिका-कॅनडातल्या नोकरदारांचा अभ्यास केला, तेव्हा साधारण दिसणाऱ्यांपेक्षाही कमी देखण्या लोकांना 5 ते 10 टक्के कमी पैसे मिळत असल्याचं दिसलं. आमच्याकडेही अंतिम प्रेझेंटेशन सहकाऱ्यानेच केलं आणि कौतुकाचा मेल त्याच्याच नावाने आला.

म्हणून मी आता कामाचे दोन भाग करते. बघायचं असतं तिथे मी कुणी मला मोजावं असा आग्रह धरत नाही. खाली उभी राहते, डबे सरकवते. दिसायचं असतं तिथे मात्र लेखी पुरावा ठेवते : क्वेरी, तारीख, रिपोर्टवर माझं नाव. गार्डने इंटरव्ह्यूचं विचारलं, तर हसून वहीत सही करते आणि थेट गोदामाकडे वळते. मॅनेजरांनी ओळख करून देण्याआधीचा तासभर मला हवा असतो.