वेलीचे वळण आणि टाक्याची लांबी

धारवाड-हुबळी भागातील कर्नाटकी कशिद्यात कापडाचे ताणे-बाणे मोजून टाका घातला जातो, त्यामुळे त्यातील प्रत्येक टाक्याची लांबी कापडच ठरवते आणि नक्षीतील वळणेही पायऱ्यापायऱ्यांनी वळतात. छापील वेलीला असा कोणताही आधार नसतो. तिची रेघ कापडाच्या विणीला न जुमानता वाहते आणि टाक्याचे माप भरणाऱ्याच्या हातावर व डोळ्यावर सोपवले जाते. बेंगळुरूच्या जयनगरात राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेने कशिद्यावर हात बसल्यानंतर सुती मेजपोसाच्या काठासाठी अशी वेल भरायला घेतली, आणि कशिद्यात कधी न उद्भवलेला प्रश्न तिच्यासमोर आला : वळणावर टाके एकसारखे दिसावेत यासाठी ते एकाच लांबीचे ठेवावेत की नाही?

वेलीच्या मुख्य देठासाठी देठटाका निवडला होता. या टाक्यात उजव्या हाताने भरणारी व्यक्ती डावीकडून उजवीकडे जाते, दोरा सुईच्या खालच्या बाजूस धरते आणि प्रत्येक नव्या टाक्याच्या वेळी सुई मागे वळवून आधीच्या टाक्याचे टोक जिथे खाली गेले त्याच छिद्रातून वर काढते, म्हणजे प्रत्येक टाका पुढच्या टाक्याशी अर्ध्या लांबीपर्यंत शेजारी राहतो आणि पिळलेल्या दोरीसारखी रेघ उमटते. परंतु टाका स्वतः सरळच असतो. वळणावर तो रेघेच्या आतून आडवा जातो आणि रेघ व टाका यांच्यामध्ये थोडे अंतर पडते. देठाची रुंद वळणे सुमारे ४० मिलिमीटर त्रिज्येची होती, तिथे ४ मिलिमीटरच्या टाक्याने पडणारे अंतर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतके, म्हणजे न दिसणारे होते. त्याच लांबीचा टाका ४ मिलिमीटर त्रिज्येच्या तणाव्यावर घातला, तर हे अंतर अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक होते आणि तणाव्याला कोपरे फुटलेले दिसतात. टाका निम्मा केला की अंतर निम्मे नव्हे तर चौथाईच्या आसपास उतरते, म्हणून २ मिलिमीटरच्या टाक्याने तोच तणावा पुन्हा गोल दिसू लागतो.

म्हणून नियमितपणाचा अर्थ लांबीची समानता असा न घेता लांबीतील बदलाची सलगता असा घेणे योग्य ठरते. लेखिकेने पाण्याने निघणाऱ्या पेनाने रेघेवर ठिपके दिले. रुंद वळणावर ते २ मिलिमीटरवर होते आणि तणाव्याकडे जाताना ते क्रमाक्रमाने जवळ येत १ मिलिमीटरवर आले, कारण देठटाक्यात सुई प्रत्येक वेळी अर्ध्या टाक्याइतकीच पुढे सरकते. टाका ४ मिलिमीटरवरून एकदम २ मिलिमीटरवर उतरल्यास रेघ त्या जागी बारीक होऊन तुटल्यासारखी भासते.

दोरा कोणत्या बाजूला धरला आहे, यालाही वळणावर महत्त्व येते. दोरा वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल, तर आतून वर येणारा पुढचा टाका आधीच्या टाक्याला बाहेर ढकलतो आणि तो रेघेजवळ राहतो. दोरा आतल्या अंगाला असेल, तर टाका अधिकच आत घसरतो. वेल मात्र आलटून पालटून वर आणि खाली वळते, म्हणून प्रत्येक वळणावर दोऱ्याची बाजू बदलण्याचा मोह होतो. तसे केल्यास दोरीचा तिरपेपणा उलटतो आणि जोड उघडा पडतो. त्यामुळे बाजू कायम ठेवून, दोरा आतल्या अंगाला येणाऱ्या वळणांवर टाका थोडा आखूड करणे हाच मार्ग लेखिकेने स्वीकारला.

पानांच्या कडांसाठी साखळी टाका वापरला गेला, ज्यात दोरा वर आला त्याच छिद्रात सुई परत घालून फासाच्या आतून पुढे काढली जाते आणि एकेक कडी तयार होते. प्रत्येक कडी आपल्या छिद्राभोवती वळू शकते, म्हणून साखळी वळणाला लवकर जुळते. मात्र दोरा जास्त ओढल्यास कडी रेघेसारखी चिंचोळी होते आणि कापड चुरगळते, तर सैल सोडल्यास तिचे पोट फुगते. पानाच्या टोकाशी साखळी सरळ वळवता येत नाही. तिथे शेवटची कडी बाहेरून लहान टाक्याने बांधावी लागते आणि सुई त्याच कडीच्या आतून पुन्हा वर काढून दुसरी बाजू सुरू करावी लागते. बेंगळुरूत ब्लाउजांवर होणाऱ्या आरीकामातही आकडीने घातलेली हीच साखळी असते, पण तिथे कापड चौकटीवर घट्ट ताणलेले असते.

रिंगेत कापड ताणताना वळणाचा जो भाग विणीला तिरपा येतो तो अधिक लांबतो आणि रिंग काढल्यावर आकसतो, त्यामुळे तिथले टाके सैल पडतात. टाके नीट बसले आहेत की नाही, याची तपासणी कापडाच्या मागच्या बाजूने करता येते. नीट घातलेल्या देठटाक्याची व साखळीची उलटी बाजू उलट्या टिपेसारखी सलग रेघ दाखवते. टिपांमध्ये फट असली किंवा त्या एकमेकींवर चढल्या असल्या, तर सुई आधीच्या छिद्रातून वर आलेली नाही हे कळते आणि तेवढाच भाग उसवून पुन्हा घालता येतो. २ मिलिमीटरहून कमी त्रिज्येच्या तणाव्यांवर मात्र देठटाका उपयोगी पडत नाही, कारण तिथे टाका इतका आखूड होतो की दोरीचा पीळ दिसतच नाही. अशा जागी एका पदराची उलटी टीप घालणे अधिक स्वच्छ ठरते.