तुलनेची तागडी

आमचा एक जुना विद्यार्थी दुकानदारांसाठी हिशेबाची संगणक-प्रणाली तयार करून विकतो. गेल्या महिन्यात एके सायंकाळी तो एक तुलनापत्रक घेऊन आमच्याकडे आला. डावीकडे त्याच्या प्रणालीचे नाव, उजवीकडे प्रतिस्पर्ध्याचे. डावीकडे सर्वत्र हिरव्या खुणा, उजवीकडे तांबड्या फुल्या. “सर, भाषा तेवढी तपासून द्या,” असे तो म्हणाला. चाळीस-पन्नास विधाने असलेले ते पत्रक आम्ही वाचले, आणि भाषेपूर्वी तागडीच तपासली पाहिजे असे आमच्या ध्यानात आले.

पहिली ओळ किमतीची होती. त्याची प्रणाली वर्षास ६,००० रुपये, दुसऱ्याची ९,६००. आकडे दोन्ही खरे होते. मात्र चौकशी करता असे निघाले की, ६,००० रुपयांत एकच मनुष्य हिशेब लिहू शकतो, आणि पुढच्या प्रत्येकास १,५०० रुपये अधिक पडतात. ९,६०० रुपयांत मात्र तिघे लिहू शकतात. म्हणजे तिघांसाठी आमच्या विद्यार्थ्याचा दर ९,००० होतो, आणि ३,६०० रुपयांचा फरक अवघ्या ६०० वर येतो. मुंबईस १९८५ साली स्थापन झालेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या नियमावलीत यासाठीच एक कलम आहे: आपणांस कृत्रिम लाभ मिळेल अशा रीतीने तुलनेचा विषय निवडू नये. खऱ्या आकड्यांनीही खोटे बोलता येते, हे त्या कलमाच्या कर्त्यांस ठाऊक असावे. आम्ही सुचविले की, एकट्या दुकानदाराचा आणि तिघांच्या पेढीचा, असे दोन्ही दर छापावे, आणि ते कोणत्या तारखेस पाहिले तेही खाली लिहावे. कारण प्रतिस्पर्ध्याने उद्या दर बदलला की आजचे सत्य असत्य होते.

दुसरे विधान होते, ‘दुप्पट वेगवान’. कशावरून, असे विचारता कळले की, आपली प्रणाली नव्या यंत्रावर आणि दुसऱ्याची जुन्या यंत्रावर एकदाच चालवून पाहिली होती. एकाच यंत्रावर, त्याच २,००० नोंदी घेऊन, पाच-पाच वेळा ताळेबंद काढून पाहा, असे आम्ही सांगितले. दोन दिवसांनी तो परत आला. सरासरी ४० सेकंद आणि ५२ सेकंद. जिंकला तोच, पण ‘दुप्पट’ गेले. शिवाय महिन्यातून एकदा ताळेबंद काढणाऱ्यास बारा सेकंदांचे काय मोल? ती ओळ त्याने आपण होऊन खोडली.

तिसऱ्या विधानावर मात्र तो अडून बसला. ‘त्यांचे ग्राहक कंटाळून आमच्याकडे येतात.’ आधार होता तीन पत्रांचा. आम्ही विचारले, “आणि तुझे किती ग्राहक तिकडे गेले?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “चार.” थोड्या वेळाने त्याने मनातले सांगितले: अकरा माणसांचे पगार दरमहा द्यायचे आहेत, आणि न्याय्य पत्रकाने माल खपत नाही अशी त्याला भीती होती. ती भीती आम्ही हसण्यावारी नेली नाही.

आम्ही त्यास कपड्यांच्या निळीवरून कलकत्ता उच्च न्यायालयात गेलेल्या वादाची हकीकत सांगितली. त्या न्यायालयाने १९९९ साली जे तत्त्व मांडले त्याचा आशय असा: आपला माल सर्वोत्तम आहे असे व्यापाऱ्याने खुशाल म्हणावे, दुसऱ्याशी तुलनाही करावी, परंतु तुलना करताना प्रतिस्पर्ध्याचा माल वाईट आहे असे मात्र म्हणू नये. ‘कंटाळून’ हा शब्द ती सीमा ओलांडीत होता. त्या जागी त्याने लिहिले, ‘आमचा दूरध्वनी सकाळी नऊ ते रात्री नऊ घेतला जातो.’ हे त्याच्या हातातले होते, आणि कोणासही फोन करून पडताळता येण्याजोगे होते.

शेवटी आम्ही एक ओळ वाढविण्यास सांगितले: अनेक शाखांचा एकत्र हिशेब ठेवणे प्रतिस्पर्ध्याच्या प्रणालीत सोपे आहे. ही गोष्ट त्यानेच बोलण्याच्या ओघात कबूल केली होती. तो म्हणाला, “सर, हे छापले तर मोठी गिऱ्हाइके जातील.” आम्ही म्हटले, “तुझ्याकडे नसलेल्या सोयीसाठी आलेले गिऱ्हाईक वर्षअखेर जाईलच. जाताना तुझे नाव मात्र वाईट करून जाईल.”

पत्रक छापून आले तेव्हा फुल्या गेल्या होत्या, विधाने चौदा उरली होती, आणि प्रत्येकाचा पुरावा तारखेसह एका फायलीत लावलेला होता. शाखांची ओळ शेवटून दुसरी, बारीक टाइपात होती. आम्ही तिच्यावर बोट ठेवले. तो ओशाळून हसला, आणि पुढच्या छपाईत टाइप सारखा करण्याचे त्याने कबूल केले.