शेजाऱ्याच्या भिंतीचा आधार

बाजारपेठेतील जुन्या पेढीच्या जागी नवी इमारत आणि तिच्याखाली मालासाठी तळघर बांधण्याचे एका व्यापारी कुटुंबाने ठरविले. खोदाई १० फुटांची होती. शेजाऱ्यांची चुन्यात बांधलेली २४ फूट लांब भिंत हद्दीला अगदी लागून, आणि तिचा पाया जेमतेम ४ फूट खोल. ठेकेदार म्हणाला, "शेठजी, यंत्र लावले की दोन दिवसांत खड्डा तयार." अभियंत्याने मात्र काम थांबविले.

भिंतीचा भार पायाखालच्या मातीवर येतो आणि ती माती बाजूच्या मातीमुळे जागेवर राहते. बाजूची माती एकदम काढली, तर पायाखालची माती खड्ड्यात सरकते आणि मागोमाग भिंत खचते.

म्हणून प्रथम फक्त मधला भाग खोदला गेला. भिंतीलगत मातीचा उतरता बांध राखला. मग भिंतीचे तीन-तीन फुटांचे ८ भाग आखले. आधी पहिल्या व पाचव्या भागाखाली खोदून, बाजूंना फळ्यांचा आधार देऊन काँक्रीट भरले. नंतर तिसरा व सातवा, मग दुसरा व सहावा, शेवटी चौथा व आठवा. त्यामुळे कोणत्याही वेळी भिंतीचा पाऊण हिस्सा आधारावरच राहिला आणि लगतचे दोन भाग कधीच एकत्र उघडले नाहीत. काँक्रीट जुन्या पायाच्या तळापर्यंत न भरता सुमारे ३ इंच फट ठेवली. काँक्रीट आवळून घट्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी तीत कोरडसर सिमेंट-वाळू ठासून भरली. ही फट नीट ठासली नाही, तर भिंत तेवढी खाली बसते. मागील मातीचा आडवा रेटा पेलण्यासाठी तळघराची भिंत व छत पूर्ण होईपर्यंत टेकू काढले नाहीत.

काम सुरू होण्यापूर्वीच भिंतीच्या जुन्या भेगांची छायाचित्रे घेऊन त्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटविल्या होत्या. तिसऱ्या फेरीत एक पट्टी तडकली. शोध घेता फुटक्या मोरीचे पाणी खड्ड्यात झिरपून बारीक माती वाहून नेत असल्याचे दिसले. मोरी बंद करून तो भाग त्याच दिवशी काँक्रीटने भरला. नवी पट्टी शेवटपर्यंत अखंड राहिली.

हे काम शेजाऱ्याच्या पायाखाली शिरते. त्यामुळे त्याची लेखी संमती आवश्यक. शिवाय १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार शेजारच्या जमिनीला नैसर्गिक आधाराचा हक्क असतो, आणि इमारतीच्या भारासह असा आधार २० वर्षे निर्वेधपणे, हक्काने घेतला असेल, तर तोही हक्क बनू शकतो. "काका, आधी भेगा तुमच्यासमोर मोजू, मग कुदळ मारू," असे यजमानांनी शेजाऱ्यांना सांगितले होते. संमतिपत्रावर सही त्या मोजणीनंतरच झाली.